नव्वद टक्के कुणाचे?

रोहिणी सरत आल्या होत्या आणि पाऊस अजून ढगांतच अडकून होता, अशा एका दुपारी औसा तालुक्यातला माझा चुलतभाऊ मोटारसायकलवरून लातूरला आमच्या घरी आला. पिशवीत घरची तूरडाळ होती, काकूने दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते आणि त्या दोहोंच्या मध्ये, तेलाचा डाग लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेले, एका खासगी क्लासचे गुळगुळीत कागदावर छापलेले पत्रक होते. त्याच्या मुलीची नुकतीच दहावी झाली होती. त्या क्लासने अकरावीच्या बॅचसाठी घेतलेल्या स्कॉलरशिप टेस्टमध्ये ती उत्तीर्ण झाली होती आणि पत्रकावर लाल अक्षरांत एकच ओळ ठळक होती : एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी ९० टक्के विद्यार्थी हीच टेस्ट उत्तीर्ण झाले होते. चहाचा कप बाजूला सारून भावाने त्या ओळीवर बोट ठेवले. "बग आक्का, डॉक्टरकीला लागल्याली नव्वद टक्के पोरं हीच परीक्षा पास झाल्याली. आपली पोरगी बी पास झालीय. मनजे नव्वद टक्के काम तर झालंच की." क्लासची फी, खोलीचे भाडे, मेसचा डबा असा दोन वर्षांचा हिशेब त्याने मनातल्या मनात कधीच मांडला होता, आणि रस्त्याला लागून असलेल्या वीस गुंठ्यांसाठी गिऱ्हाइकाशी ईसाराची बोलणी सुरू झाली होती.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात कुणीही आकडा घेऊन आले की तो माझ्यापुढे येतो. मात्र त्या दुपारी मला लगेच काही बोलता आले नाही. पत्रकातली ओळ खोटी असावी असे मानायला माझ्याजवळ काहीच कारण नव्हते. भावाचे वाचनही चुकीचे म्हणता येत नव्हते, कारण त्याने शब्द जसेच्या तसे वाचले होते. घोटाळा होता तो त्या ओळीचे उत्तर आणि भावाचा प्रश्न यांच्यामधल्या जागेत. पत्रक डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या घोळक्यात उभे राहून मागे बघत होते आणि त्यांच्यातले किती जण पूर्वी टेस्ट उत्तीर्ण झाले होते ते मोजत होते. भाऊ टेस्ट उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या घोळक्यात उभा राहून पुढे बघत होता आणि यांच्यातले किती जण डॉक्टर होतील ते विचारत होता. दोन्हीकडे टेस्टही तीच आणि एमबीबीएसही तेच, पण ज्यांच्यापैकी टक्के काढायचे तो घोळका पार वेगळा.

या दुसऱ्या घोळक्यात किती मुले असतात हे पत्रकावर कुठेच नव्हते.

मी भावाला क्लासच्या कार्यालयात फोन लावून फक्त एवढेच विचारायला सांगितले की, या टेस्टला बसलेल्यांपैकी साधारण किती मुले उत्तीर्ण होतात. फोनवरच्या मुलीने कसलेही आढेवेढे न घेता सांगितले, "तिघांत एक तरी होतोच, काका." तिच्या दृष्टीने ते प्रोत्साहन होते. माझ्या हाती मात्र आता पत्रकावरचा एक आणि फोनवरचा एक असे दोन आकडे आले होते आणि तिसरा जाहीरच होता. २०२४ साली नीट परीक्षेला देशभरात सुमारे २३ लाख ३३ हजार मुले प्रत्यक्ष बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सरकारी, खासगी, अभिमत अशा सगळ्या मिळून सुमारे १ लाख ८ हजार. म्हणजे परीक्षा देणाऱ्या वीस-बावीस मुलांमागे एक जागा. भावाची वीस गुंठे जमीन खासगी महाविद्यालयाच्या फीला पुरणारी नव्हती, त्यामुळे त्याच्या कामाच्या जागा खरे तर याच्या जेमतेम निम्म्या होत्या. पण हिशेब सोपा राहावा म्हणून मी सगळ्या जागा धरल्या आणि त्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडेमोड सुरू केली.

समजा, एक हजार मुले त्या टेस्टला बसली. वीसांत एक या प्रमाणाने त्यांच्यातली पन्नास पुढे एमबीबीएसला लागतील. पत्रकाचा शब्द प्रमाण मानला, तर या पन्नासांपैकी नव्वद टक्के, म्हणजे पंचेचाळीस जण टेस्ट उत्तीर्ण झालेले असतील. आता फोनवरच्या मुलीचा आकडा घ्यायचा. तिघांत एक उत्तीर्ण होतो, म्हणजे हजारांत साधारण तीनशे तीस मुले उत्तीर्ण होणार. त्या तीनशे तीसमध्ये डॉक्टर होणारी किती? तीच पंचेचाळीस. उरलेली दोनशे पंचाऐंशी मुलेसुद्धा टेस्ट उत्तीर्ण झाली, त्यांच्याही घरी पेढे वाटले गेले, पण त्यांना जागा मिळाली नाही. तीनशे तीसांत पंचेचाळीस म्हणजे सुमारे चौदा टक्के. सात मुलांमागे एक. भाऊ कागदाकडे बघत बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "नव्वदाचे चौदा कुटं झाले मनतो मी." त्याला वाटत होते की, मी कुठेतरी काहीतरी वजा केले आहे. मी काहीच वजा केले नव्हते. पत्रकातले नव्वद टक्के माझ्या मांडणीत अखेरपर्यंत शाबूत होते. ते पन्नासांचे नव्वद टक्के होते एवढेच.

याच मांडणीची दुसरी बाजूही त्याला दाखवणे भाग होते, नाहीतर तो टेस्टला फसवणूक ठरवून मोकळा झाला असता. टेस्टला न बसताच विचारले असते, तर मुलीची शक्यता वीसांत एक होती. उत्तीर्ण झाल्यावर ती सातांत एक झाली, म्हणजे जवळजवळ तिप्पट. जी सहाशे सत्तर मुले अनुत्तीर्ण झाली त्यांच्यात डॉक्टर होणारी पाचच, म्हणजे दीडशेला एकदेखील जेमतेम. तेव्हा टेस्ट काहीतरी खरे सांगत होती. ती मूळचे पाच टक्के उचलून चौदावर ठेवू शकते. शून्यातून नव्वद निर्माण करणे तिच्या आवाक्यातले नव्हते. या मूळच्या पाच टक्क्यांना आमच्या विषयात आधारदर म्हणतात, आणि नवी माहिती हाती येताच तो आधारदर डोक्यातून साफ पुसला जाणे ही माणसांची इतकी पक्की खोड आहे की, तिच्यावर गेली पन्नास वर्षे प्रयोग होत आले आहेत.

त्या प्रयोगांतला एक मी दरवर्षी वर्गात सांगते. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या साठ जणांना, ज्यांत विद्यार्थीही होते आणि अनुभवी डॉक्टरही होते, एक प्रश्न विचारला गेला. एखादा आजार हजारांत एकाला असतो आणि त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून आजारी दाखवते. तर रुग्णाविषयी दुसरे काहीच ठाऊक नसताना, तपासणीत आजार दाखवला गेलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? सर्वाधिक लोकांनी दिलेले उत्तर होते पंचाण्णव टक्के. बरोबर उत्तर सुमारे दोन टक्के आहे, कारण हजार माणसांत खरा आजारी एक आणि चुकून पकडले गेलेले पन्नास. साठांपैकी अवघ्या अकरा जणांना ते सांगता आले. वर्गात हे ऐकल्यावर मुले हसतात, आणि नंतर परीक्षेत तोच प्रश्न टेस्ट आणि आजाराऐवजी बियाणे आणि उगवण असा बदलून दिला की त्यांच्यातलेही निम्मे पंचाण्णव लिहून येतात.

डॉक्टरांनी आणि माझ्या भावाने एकाच ठिकाणी ठेच का खावी, याचे मला पटलेले स्पष्टीकरण डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ सालच्या प्रयोगात आहे. त्यांनी लोकांना सांगितले की, शंभर जणांच्या एका गटात सत्तर अभियंते आणि तीस वकील आहेत; त्यांतला कुठलाही एक माणूस निवडला, तर तो अभियंता असण्याची शक्यता किती? लोकांनी बिनचूक सत्तर टक्के सांगितले. मग त्यांनी एका माणसाचे छोटेसे वर्णन दिले : वय तीस, विवाहित, मूलबाळ नाही, हुशार, होतकरू, सहकाऱ्यांत आवडता. या वर्णनात तो अभियंता आहे की वकील हे ठरवायला मदत करील असा एकही शब्द नाही. तरीही लोकांनी सत्तर सोडून दिले आणि ते पन्नासच्या आसपास आले. माहिती नव्हती तोवर त्यांनी गटाची मोजदाद वापरली. निरुपयोगी का होईना, पण एका माणसाची ओळख मिळताच मोजदाद गळून पडली.

लातूरच्या ट्यूशन एरियात जूनमध्ये फिरताना हा प्रयोग मला हटकून आठवतो. निकाल लागला की चौकाचौकांत फ्लेक्स चढतात, नव्या फ्लेक्सच्या कापडाचा उग्र वास उन्हात दरवळत राहतो आणि शेकडो मुले-मुली पासपोर्ट फोटोतल्या ताठ चेहऱ्यांनी रस्त्याकडे बघत असतात. चेहऱ्याखाली नाव, गुण आणि बहुतेक वेळा गाव. कुणी निलंग्याचे, कुणी कंधारचे, कुणी परळीचे. परगावाहून आलेला बाप त्या गर्दीत आधी आपल्या तालुक्याचे नाव शोधतो, आणि ते सापडले की त्याच्यापुरता प्रश्न संपतो. तो बाप भोळा आहे असे मला कधी वाटले नाही. आपल्यासारख्याच कुणाचे तरी पोर तिथवर पोहोचले याचा आनंद खरा असतो, आणि तो बघताना माझ्यातली शिक्षिका अनेकदा मुकाट्याने बाजूला उभी राहते. पण जे पोहोचले नाहीत त्यांचा फ्लेक्स लागत नाही. शिवाय इकडे भौतिकशास्त्र एका सरांकडे, रसायनशास्त्र दुसऱ्यांकडे आणि जीवशास्त्र तिसऱ्यांकडे अशी रीत असल्याने एकच मुलगी तीन चौकांत तीन क्लासची म्हणून हसताना दिसते. तीन फ्लेक्सवरचे आकडे बेरजेला घेणाऱ्याच्या हिशेबात तिच्या तीन जागा होतात.

फ्लेक्सवरची आणखी एक लाडकी ओळ म्हणजे "आमचे ७० टक्के विद्यार्थी नीट पात्र". तिला आधारदर लावून पाहावा. २०२४ साली परीक्षा दिलेल्या २३ लाख ३३ हजारांपैकी १३ लाखांहून अधिक मुले पात्र ठरली, म्हणजे छप्पन्न टक्के. यात नवल काही नाही. खुल्या गटाची पात्रतारेषा पन्नासाव्या पर्सेंटाइलला आणि राखीव गटांची चाळीसाव्याला असते, तेव्हा निम्म्याहून अधिक मुले पात्र ठरणार हे नियमातच लिहिलेले आहे. त्यामुळे सत्तर टक्क्यांची तुलना शून्याशी न करता छप्पन्नाशी करायला हवी, आणि पात्र तेरा लाखांसाठी जागा एक लाख आठ हजार होत्या हेही सोबत वाचायला हवे. इतके केल्यावर त्या ओळीत जे उरते ते वाईट नाही. पण त्यासाठी कुणी जमिनीचा ईसार घेईल इतकेही ते नाही.

भावाला मी दिलेले चौदा टक्क्यांचे उत्तर मात्र मलाच स्वस्थ बसू देईना. त्यातले पन्नास कुठून आले होते? देशभरच्या सगळ्या परीक्षार्थींवरून. पण लातूरच्या क्लासच्या टेस्टला बसणारी मुले ही देशभरच्या परीक्षार्थींचा सरसकट नमुना थोडीच असतात? दहावीत बरे गुण असलेली, घरच्यांनी दोन वर्षे पोसायची तयारी ठेवलेली मुलेच तिथवर येतात. समजा, त्यांच्यातला आधारदर वीसांत एक नसून दहांत एक असेल. मग हजारांत शंभर डॉक्टर, त्यांतले नव्वद टेस्ट उत्तीर्ण, आणि तीनशे तीसांत नव्वद म्हणजे सत्तावीस टक्के. पत्रकावरचा नव्वदचा आकडा होता तिथेच आहे, टेस्टही तीच आहे, आणि उत्तर मात्र दुप्पट झाले. याचा अर्थ असा की, भावाच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या लाल ओळीपेक्षा, आपली मुलगी नेमक्या कोणत्या घोळक्यातली मानायची, यावरच अधिक अवलंबून होते. इथे गणित हात टेकते. देशातली सगळी मुले हा घोळका फार ढोबळ आहे. औसा तालुक्यातली, शेतकरी घरातली, मराठी माध्यमातली, गणितात बरी आणि इंग्रजीत कच्ची मुलगी हा घोळका इतका लहान की त्यात मोजायला माणसेच सापडत नाहीत. अनुभवी माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबतो, आणि तो कुठे थांबला हे त्याने उघडपणे सांगायला हवे. मी भावाला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की, चौदा ते सत्तावीस यांच्या दरम्यान काहीतरी धर. तो म्हणाला, "आक्का, सोयाबीनचा भाव बी असाच सांगतेत बग." जमीन त्याने विकली नाही, मुलीला लातूरला मात्र पाठवले, फी हप्त्याने ठरवून. माझ्या आकडेमोडीने ते ठरले, की गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितल्याने, हे मी विचारले नाही.

हजार मुले कागदावर मांडण्याची जी युक्ती मी वापरली, ती माझी नाही. गेर्ड गिगेरेन्त्सर आणि उलरिख होफ्राग या जर्मन संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले की, हाच प्रश्न टक्क्यांत विचारला तर पाचांतल्या एकालाही धड सुटत नाही, आणि हजारांपैकी इतके, त्यांच्यापैकी तितके, अशा मोजदादीत मांडला तर जवळपास निम्म्यांना सुटतो. टक्का आपला घोळका लपवून ठेवतो. मोजदादीत तो समोर मांडावाच लागतो. बाजारात शेकड्याने आणि पोत्याने हिशेब करणाऱ्या माझ्या भावाला हे माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर उमगले, यात मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आधारदर विसरण्याने एका घरचा निर्णय चुकतो तोवर ठीक, पण याच चुकीवर सार्वजनिक वाद उभे राहतात तेव्हा ते ऐकणे कठीण होते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या पारावर शाळेवरून असाच वाद पेटला होता. दहावीत नापास झालेल्या दहा मुलांपैकी आठ जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून आलेली होती. ऐंशी टक्के नापास झेडपीचे, मग ती शाळा हवी कशाला, असा एका तरुण पुढाऱ्याचा सवाल होता आणि ऐंशी हा आकडा इतका मोठा की, समोरच्यांच्या माना आपोआप खाली गेल्या होत्या. आकडे मी इथे सोयीसाठी थोडे गोल करते. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडून समजले की, दहावीला शंभर मुले बसली होती आणि त्यांतली पंच्याऐंशी झेडपीची होती. उरलेली पंधरा इंग्लिश स्कूलमधून आलेली. गावातली पंच्याऐंशी टक्के मुले जिथे शिकतात, तिथली मुले नापासांतही जास्त असणार, पासांतही जास्त असणार आणि क्रिकेटच्या संघातही जास्त असणार. विचारायचे ते असे की, पंच्याऐंशींपैकी किती नापास आणि पंधरांपैकी किती? पंच्याऐंशींतले आठ म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आत. पंधरांतले दोन म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त.

हे ऐकून माजी सरपंच, जे स्वतः त्याच झेडपी शाळेत शिकले होते, उभेच राहिले. मनजे इंग्लिश शाळाच बिघडलेली आहे, असा फलक उद्याच्या उद्या पारावर लावायचा त्यांचा विचार होता आणि मजकूर मीच लिहून द्यावा असा आग्रह होता. मी त्यांना सांगितले की, काका, पंधरांपैकी दोन हा आकडा फार लहान आहे. त्यातले एक पोर त्या दिवशी तापाने फणफणले नसते आणि पास झाले असते, तर तेच प्रमाण सातांच्या खाली आले असते आणि झेडपीपेक्षा चांगले दिसले असते. झेडपी शाळा वाईट हे या दहा मुलांवरून सिद्ध होत नाही, तसे इंग्लिश शाळा वाईट हेही होत नाही; पाच-सहा वर्षांच्या नोंदवह्या काढल्या तर काही बोलता येईल. तरुण पुढारी यावर माझ्याकडे आशेने बघू लागला आणि माजी सरपंच नाराज झाले. "मास्तरीनबाई, तुमी नेमक्या कुनाच्या बाजूच्या हाव?" असे त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न बघता ते नोंदवह्या काढायला मुख्याध्यापकांच्या मागे लागले.